आठशेचे पाचशे

मागच्या वर्षी माझी भाची नोकरीसाठी मुंबईला गेली. भोपाळहून पंजाब मेल पकडून सकाळी दादरला उतरली आणि दोन तासांनी तिचा फोन आला, "मामा, टॅक्सीवाला अंधेरीचे आठशे मागत होता, मी पाचशेत पटवलं!"

आवाजात अभिमान होता, आणि त्यात तिची काही चूक नव्हती. आम्ही सोनागिरीकर लहानपणापासून हेच शिकलो. "भैया, एमपी नगर का क्या लोगे?" असं विचारायचं, त्याने सांगितलेला आकडा खाली आणायचा आणि मग बसायचं. भाडं ठरवूनच मिळतं अशी आमची पक्की समजूत.

मुंबईत काळी-पिवळी टॅक्सी मीटरवर चालते. १ फेब्रुवारी २०२५ पासूनचा दर असा आहे: पहिल्या दीड किलोमीटरला ३१ रुपये आणि पुढे दर किलोमीटरला २०.६६ रुपये. रिक्षाला २६ आणि १७.१४. (दादरला रिक्षा शोधू नका, ती वांद्रे-शीवच्या दक्षिणेला येतच नाही.) मी तिला नकाशा उघडायला लावला. दादर स्थानक ते तिचं अंधेरी पूर्वेचं वसतिगृह, अंतर १४ किलोमीटर. त्यातले दीड वजा केले की उरले साडेबारा. त्याचे २५८, वर ३१, म्हणजे २८९ रुपये. सिग्नलला गाडी थांबते त्या वेळेचे मीटर थोडे वाढवतं, म्हणून सव्वातीनशेपर्यंत गेलं तरी ठीक. रात्री बारा ते पाच पंचवीस टक्के जास्त, पण ही तर सकाळ होती. घासाघीस करून पोरीने पावणेदोनशे जास्तच मोजले होते.

म्हणून नव्या शहरात गाडीपाशी जाण्याआधी, फलाटावर उभं राहूनच हा हिशेब करावा. मग "मीटरने चला" एवढंच म्हणायचं. चालक नाही म्हणाला तर पुढची टॅक्सी. मीटर पळतंय असा संशय आला तर रुपयांकडे पाहत बसू नका. त्याच मीटरवर किलोमीटरही दिसतात. ते फोनच्या नकाशाशी ताडून पाहा. नकाशात चार आणि मीटरवर साडेपाच, तर गडबड आहे. निळ्या-रुपेरी कूल कॅबचा दर मात्र वेगळा आणि जास्त असतो, तेव्हा बसण्याआधी रंग बघा.

पुढे कामासाठी ती दिल्लीला गेली. नवी दिल्ली स्थानकाबाहेर वाहतूक पोलिसांचा प्रीपेड बूथ आहे. तिथे खिडकीवर पत्ता सांगून आधीच पैसे भरायचे आणि पावती घ्यायची. वाटेत कुणी "बूथ बंद है" म्हणालं तरी खिडकीपर्यंत स्वतः जायचं. या पद्धतीची सगळी मेख त्या पावतीत आहे. चालकाला पैसे मिळतात ते ती पावती बूथवर परत दाखवल्यावर. भाचीच्या रिक्षावाल्याने गाडी सुरू करतानाच "पर्ची दे दो" म्हटलं. तिने दिली नाही. अर्ध्या वाटेवर "पता दूर है, सौ और लगेंगे" सुरू झालं, तेव्हा पावती तिच्याच हातात होती आणि म्हणून तो दारापर्यंत आला. उतरून, सामान खाली घेऊन मगच ती द्यायची.

ॲपवर भाडं आधीच दिसतं, त्यामुळे आपण गाफील राहतो. भाडं दिसताच स्क्रीनशॉट काढावा. गाडी आली की क्रमांक जुळवावा. भाड्याच्या गाडीची पाटी पिवळी, विजेवर चालणारी असेल तर हिरवी पाटी आणि पिवळी अक्षरं. खाजगी गाडीची पांढरी पाटी असलेली मोटार समोर आली तर बसू नये, मग चालक कितीही गोड बोलो. पिन सांगायचा तो क्रमांक जुळल्यावर, आत बसूनच, खिडकीतून नाही. "राइड कॅन्सल करा, तेवढेच मला द्या" हे रात्री फार ऐकू येतं. कॅन्सल केली की त्या प्रवासाची ॲपवर नोंदच उरत नाही, आणि घरी पाठवलेली ट्रिपची लिंकही बंद पडते. उतरताना चालक आपला फोन पुढे करून जास्तीचा आकडा दाखवतो, तेव्हा आपल्या फोनवरचा पाहायचा. फरक असेल तर टोल किंवा थांबण्याचा वेळ बिलात वेगळा लिहिलेला असतो. नसेल तर ॲपमध्येच त्या ट्रिपवर तक्रार करायची. गाडी भलतीकडे वळतेय असं वाटलं तर मात्र भाड्याचा विचार सोडून ११२ लावायचा.

परवा भाची सुट्टीला घरी आली. भोपाळ स्टेशनवरून सोनागिरीला येताना रिक्षावाल्याला म्हणाली, "भैया, मीटर से चलोगे?" तो बराच वेळ हसत होता. शेवटी तिने ॲपवरचं भाडं त्याला दाखवलं आणि तेवढ्यातच आली.