इतिवृत्तावर न केलेली सही

पतसंस्थेच्या संचालक मंडळाची सभा सुरू होते, तेव्हा विषयपत्रिकेवरचा पहिला विषय बहुधा ठरलेला असतो: मागील सभेचे इतिवृत्त वाचून कायम करणे. सचिव चार ओळी वाचतात, कुणीतरी ‘वाचले असे समजा’ म्हणते आणि प्रोसिडिंग बुक सह्यांसाठी फिरू लागते. सारा प्रकार दोन मिनिटांत आटोपतो. या दोन मिनिटांत काय घडते ते कायद्याच्या नजरेतून पाहिले, तर थक्क व्हायला होते.

महाराष्ट्र सहकारी संस्था अधिनियम 1960 चे कलम 73 सांगते, की समितीच्या निर्णयांना सगळे समिती सदस्य संयुक्तपणे आणि वैयक्तिकरीत्याही जबाबदार असतात. उद्या एखादे कर्ज बुडाले, चौकशी लागली आणि कलम 88 खाली नुकसानीची जबाबदारी निश्चित झाली, तर वसुली संचालकांच्या स्वतःच्या मालमत्तेपर्यंत पोहोचू शकते. अकरा जणांच्या मंडळात एकट्या पडलेल्या संचालकाने मग काय करायचे?

त्याच्यासाठी याच कलमात एक दार ठेवलेले आहे. निर्णय मान्य नसेल, तर सदस्याला आपले भिन्न मत मांडता येते आणि ते सभेच्या कामकाजात नोंदवले गेले पाहिजे. तशी नोंद असेल, तर त्या निर्णयासाठी त्याला जबाबदार धरता येत नाही. त्याची इच्छा असल्यास तो आपले भिन्न मत निर्णयाच्या तारखेपासून सात दिवसांत निबंधकांनाही लेखी कळवू शकतो. याहून नवलाची तरतूद पुढे आहे. जो सदस्य सभेला हजर नव्हता आणि ज्याने नंतर त्या सभेचे कामकाज कायमही केले नाही, तोही त्या कामकाजाच्या जबाबदारीतून सुटतो. म्हणजे गैरहजर माणूस महिन्याभराने सवयीने इतिवृत्त कायम करतो, तेव्हा तो हे संरक्षण स्वतःच्या हाताने सोडून देतो.

आता एक प्रकरण कल्पून पाहू. अकरा संचालकांपैकी नऊ हजर आहेत. विषय क्रमांक 4 आहे एका व्यापाऱ्याला प्लॉटच्या तारणावर 25 लाखांचे कर्ज देण्याचा. एक संचालिका विचारतात, ‘प्लॉटचा शोध अहवाल कुठे आहे?’ तो आलेला नसतो. त्या प्रकरण पुढच्या सभेपर्यंत थांबवायला सुचवतात. मत घेतले जाते: सहा बाजूने, तीन विरुद्ध. कर्ज मंजूर होते, मात्र शोध अहवाल आल्याशिवाय रक्कम द्यायची नाही असेही ठरते. पुढे घरच्या कामासाठी त्या अध्यक्षांना सांगून 5:40 ला निघतात. महिन्याभराने इतिवृत्ताची प्रत हातात येते. विषय 4 खाली लिहिलेले असते, ‘सर्वानुमते मंजूर’. अटीचा उल्लेख नसतो. आयत्या वेळच्या विषयात वाहनखरेदीचा ठराव असतो आणि त्याच्या अनुमोदक म्हणून त्यांचेच नाव असते.

त्यांनी लिहिलेली चिठ्ठी अशी असेल:

मा. अध्यक्ष महोदय,
सप्रेम नमस्कार. 10 जूनच्या सभेच्या इतिवृत्ताची प्रत मिळाली. विषय 1 ते 3, 5 आणि 6 यांच्या नोंदी बरोबर आहेत. पुढील तीन बाबी मात्र प्रत्यक्ष कामकाजाशी जुळत नाहीत. त्यामुळे सध्याच्या स्वरूपातले इतिवृत्त खरी नोंद म्हणून मला सही करून कायम करता येत नाही.
1) विषय 4: ‘सर्वानुमते’ असे नोंदले आहे. प्रत्यक्षात सहा विरुद्ध तीन असे मतदान झाले. मी विरोधात मत दिले. शोध अहवाल नसणे हे माझे कारण होते. ‘बहुमताने मंजूर’ अशी दुरुस्ती करून माझे भिन्न मत कारणासह नोंदवावे.
2) विषय 4: शोध अहवालाआधी रक्कम वितरित करू नये, ही मान्य झालेली अट सुटली आहे. ती ठरावात घ्यावी.
3) आयत्या वेळचा विषय, वाहनखरेदी: मी 5:40 ला आपल्या परवानगीने निघाले. त्यानंतरच्या ठरावाची मी अनुमोदक नाही. ते नाव वगळावे आणि माझी निघण्याची वेळ नोंदवावी.
पुढील सभेत इतिवृत्त कायम करण्यापूर्वी हे पत्र वाचून दाखवावे आणि कामकाजासोबत जोडावे, ही विनंती. दुरुस्त्या झाल्यावर मी आनंदाने सही करीन.
आपली नम्र,

या पत्राचे बळ त्यात काय नाही यातही आहे. कर्ज चुकीचे होते, असे त्यात कुठेही म्हटलेले नाही. तो वाद सभेत झाला आणि मतदानाने संपला. इतिवृत्त दुरुस्त केल्याने निर्णय बदलत नाही. तो बदलायचा तर नवा ठरावच आणावा लागतो. इथे प्रश्न एवढाच आहे, की जे घडले ते तसेच लिहिले आहे का. म्हणून तर जिंकलेल्या सहा जणांनाही हे पत्र मान्य करता येते: त्यांचे बहुमत त्यात अबाधित राहते.

हेतूबद्दलही पत्रात चकार शब्द नाही. ‘मुद्दाम खोटे लिहिले’ असे एक वाक्य आले असते, तर सभा अध्यक्षांच्या अब्रूवर घसरली असती आणि तीन दुरुस्त्या बाजूला राहिल्या असत्या. ‘इतिवृत्त एकतर्फी आहे’ ही तक्रारही तितकीच निरुपयोगी, कारण तिच्यावरून काय खोडायचे आणि काय लिहायचे ते कळत नाही. विषयाचा क्रमांक, आहे तो शब्द, हवा तो शब्द: हे तिन्ही दिले, की सचिवांना केवळ दुरुस्ती करून बाजूला सही घेणे उरते. बरोबर असलेल्या नोंदी आधी मान्य केल्यामुळे पत्र अडवणुकीचेही वाटत नाही.

या चिठ्ठीला मर्यादाही आहे. सात दिवस मोजले जातात निर्णयाच्या तारखेपासून, आणि इतिवृत्त पुष्कळदा महिन्याने हाती पडते. तोवर निबंधकांना कळवण्याची मुदत उलटलेली असते. शिवाय सभेत न बोललेले मत मागाहून इतिवृत्तात घालता येत नाही. चिठ्ठी फक्त बोललेले परत मिळवून देते. म्हणून विरोध तिथेच, स्पष्ट शब्दांत आणि ‘नोंद करा’ असे सांगून करायचा, आणि घरी आल्यावर तारखेसह टिपण ठेवायचे. कंपन्यांमध्ये संचालक मंडळाच्या सभेनंतर पंधरा दिवसांत मसुदा सगळ्या संचालकांकडे जातो आणि त्यावर म्हणणे मांडायला त्यांना सात दिवस मिळतात. पतसंस्थेच्या मंडळानेही असा ठराव करून घ्यायला काहीच हरकत नाही.

अध्यक्षांनी दुरुस्ती नाकारली तर? तरीही पत्र वाया जात नाही. पोच घेतलेली प्रत आपल्याकडे राहते. पाच वर्षांनी लेखापरीक्षक किंवा चौकशी अधिकारी ‘सर्वानुमते’ या शब्दावर बोट ठेवील, तेव्हा त्या काळातच, काही बुडण्याआधी लिहिलेला हा कागद पुढे ठेवता येतो. नुकसान उघड झाल्यावर ‘माझा विरोध होता’ म्हणणारे पुष्कळ निघतात. त्यांच्यात आणि या संचालिकेत फरक करायला चौकशीपुढे तारीख घातलेला कागद असतो.

तेव्हा तुम्ही कुठल्याही संस्थेच्या समितीवर असाल, तर पुढच्या सभेत प्रोसिडिंग बुक समोर आल्यावर तीन गोष्टी वाचा: हजेरी, प्रत्येक ठरावाखालचे ‘सर्वानुमते’ किंवा ‘बहुमताने’, आणि सूचक-अनुमोदकांची नावे. त्या बरोबर असतील तर सही करा. नसतील तर नम्रपणे, मुद्देसूद लिहून द्या आणि पोच घ्या.