नसलेली थरथर

मिनिटाला १४८० फेरे घेणारा पंप. म्हणजे सेकंदाला साधारण पंचवीस. त्यावर कंपनमापक बसवला, कार्ड सेकंदाला १००० नमुने घेत होतं आणि पडद्यावर १५ हर्ट्झची ठसठशीत थरथर दिसली. पंपात त्या गतीनं काहीच फिरत नव्हतं!

खरं कंपन ९८५ हर्ट्झचं होतं. दोन नमुन्यांच्या मधे ते जवळजवळ एक पूर्ण हेलकावा घेई, म्हणून प्रत्येक नमुना आधीच्यापेक्षा जरासाच सरकलेला मिळे. सिनेमात टांग्याची चाकं उलटी फिरतात, तीच ही फसगत; तिला एलियासिंग म्हणतात. सेकंदाला १००० नमुने घेतले, तर ५०० हर्ट्झपर्यंतचंच खरं.

भूत ओळखायची युक्ती सोपी आहे. वेग १०२४ केला, तर खरी थरथर जागची हलत नाही; ही मात्र ३९ वर गेली. नमुने घेतल्यानंतर संगणकात कितीही गाळा, भूत जात नाही. गाळणी कार्डाच्या आधी, तारेतच हवी.

आता बारकाई. १२ बिटांचं कार्ड उणे १० ते अधिक १० व्होल्टच्या टप्प्याचे ४०९६ भाग करतं. एक पायरी सुमारे ५ मिलिव्होल्टची. बेअरिंगची कुरकुर २ मिलिव्होल्टची असेल, तर ती पायरीखालीच लपू शकते. बरेच जण लगेच १६ बिटांचं कार्ड मागवतात. आधी टप्पा एक व्होल्टवर आणून पाहावा, पायरी अर्ध्या मिलिव्होल्टवर येते. फक्त मोठा धक्का आला, तर आलेखाचा माथा सपाट कापला जातो.