तत्सम शब्दांतील ऱ्हस्व-दीर्घ

संस्कृतातून मराठीत जसेच्या तसे आलेले शब्द तत्सम होत. त्यांतील इकार-उकार ऱ्हस्व की दीर्घ लिहावा, हे मराठी शुद्धलेखनाच्या नियमांनी ठरते. मराठी साहित्य महामंडळाने तयार केलेले १४ नियम महाराष्ट्र शासनाने १९६२ मध्ये मान्य केले. १९७२ मध्ये त्यांत आणखी ४ नियमांची भर पडली.

शब्दाच्या शेवटी

कवि, गति, शत्रु हे शब्द संस्कृतात ऱ्हस्वान्त आहेत. मराठीत सुटे लिहिताना मात्र ते कवी, गती, शत्रू असे दीर्घान्त होतात. प्रत्यय लागल्यावरही कवीने, गतीला, शत्रूचा अशी रूपे होतात. परंतु, तथापि, यद्यपि ही तत्सम अव्यये याला अपवाद असून ती ऱ्हस्वान्तच राहतात.

समासात

तत्सम शब्द समासाचे पहिले पद म्हणून आला, की तो मूळ संस्कृत रूपाप्रमाणे लिहितात. त्यामुळे ‘कवी’ असे लिहिले तरी ‘कविसंमेलन’ होते. मूळचे दीर्घान्त शब्द दीर्घच राहतात, उदा. नदीतीर, लक्ष्मीपुत्र. विद्यार्थी, पक्षी, प्राणी हे शब्द संस्कृतात विद्यार्थिन्, पक्षिन्, प्राणिन् असे आहेत. समासात त्यांचा अन्त्य न् लोप पावून ऱ्हस्व इकार उरतो. म्हणून विद्यार्थिमंडळ, पक्षिमित्र, प्राणिसंग्रह ही रूपे शुद्ध ठरतात.

मूळ रूप ओळखण्यास शब्दाची घडण उपयोगी पडते. धातूपासून बनलेली कृति, बुद्धि, दृष्टि यांसारखी भाववाचक स्त्रीलिंगी नामे ऱ्हस्वान्त असतात. देव-देवी, कुमार-कुमारी अशा जोड्यांतील स्त्रीलिंगी रूपे दीर्घान्त असतात. म्हणून ‘बुद्धिवैभव’, पण ‘देवीमंदिर’.

उदाहरण : ऋद्धिपूर

अमरावती जिल्ह्यातील मोर्शी तालुक्यातले महानुभाव पंथाचे तीर्थक्षेत्र ऋद्धिपूर या नावात दोन नियम एकत्र दिसतात. ‘ऋद्धी’ हा सुटा शब्द दीर्घान्त लिहिला जातो. पण येथे तो पूर्वपद असल्याने द्धि ऱ्हस्व. संस्कृतात ‘पुर’ ऱ्हस्व असला, तरी ग्रामनामातील ‘पूर’ दीर्घ लिहावा असा स्वतंत्र नियम आहे. सामान्यरूपात हा ऊकार पुन्हा ऱ्हस्व होतो : ऋद्धिपूर, परंतु ऋद्धिपुरात, तसेच नागपूर, नागपुरात. ‘रिद्धपूर’ या प्रचलित रूपात इकारच गळाल्याने पूर्वपदाचा प्रश्न उरत नाही.

शब्दाच्या मध्ये

अकारान्त मराठी शब्दाचे उपान्त्य इकार-उकार दीर्घ असतात : वीस, खूण. तत्सम शब्दांत ते मूळ संस्कृताप्रमाणे राहतात : विष, गुण, मंदिर, शरीर, स्वरूप. त्यामुळे सामान्यरूपातही बदल होत नाही. ‘खूण’चे ‘खुणेने’ होते, पण ‘शरीर’चे ‘शरीरात’च होते, ‘शरिरात’ हे रूप अशुद्ध आहे.

मर्यादा

उच्चारावरून हा निर्णय होत नाही, कारण ‘गुण’ व ‘खूण’ यांतील उकार बोलताना सारखाच दीर्घ ऐकू येतो. शब्द तत्सम आहे की नाही आणि त्याचे मूळ रूप कोणते, हे माहीत असावे लागते. शंका असल्यास शब्दकोश पाहावा लागतो.