आपला अहवाल, आपापला पासवर्ड

हिंजवडीतल्या एखाद्या कंपनीत संध्याकाळी अमेरिकेतल्या ग्राहकाला मेल पाठवायचा असतो. ‘द टीम हॅज कम्प्लीटेड’ इथपर्यंत बोटं सरसर चालतात आणि मग थबकतात. टेस्टिंग पूर्ण झालं हे खरं, पण ते ‘इट्स टेस्टिंग’ की ‘देअर टेस्टिंग’? टीम एकच आहे, तेव्हा इट्स. टीममध्ये नऊ माणसं आहेत, तेव्हा देअर. शेवटी कानाला जे बरं वाटतं ते टाइप होतं आणि मेल जातो. गंमत म्हणजे त्याच मेलच्या चौथ्या ओळीत तीच टीम दुसऱ्या वचनात सापडते.

मराठीत हा प्रश्न उभाच राहत नाही. ‘टीमने आपलं टेस्टिंग पूर्ण केलं’ या वाक्यात ‘आपलं’ हे रूप टेस्टिंगमुळे आलेलं आहे. तिथे अहवाल असता तर ‘आपला’ आलं असतं, यादी असती तर ‘आपली’. मालक एक आहे की अनेक, हे सांगण्याची सक्ती या शब्दावर नाही. ‘केलं’ हे क्रियापदही टेस्टिंगकडेच बघतं: मुलीने टेस्टिंग केलं, मुलांनी टेस्टिंग केलं. इंग्रजी नेमकं उलट विचारतं. वस्तू कोणती याच्याशी त्याला देणंघेणं नाही, मालक किती तेवढं सांगा. आयुष्यभर न विचारलेल्या प्रश्नाचं उत्तर मराठी माणसाला एका मेलमध्ये द्यावं लागतं.

त्यात आपल्या आदरार्थी बहुवचनाची भर पडते. ‘मॅनेजमेंटने बोनस जाहीर केला, पण तारीख त्यांनी सांगितली नाही,’ असं आपण सहज बोलतो. तिथे ‘तिने सांगितली नाही’ म्हटलं तर ऐकणारा विचारेल, कोणी? साहजिकच इंग्रजी लिहितानाही ‘देअर’ जिभेवर तयार असतं. क्रियापदाच्या जागी मात्र शाळेतलं व्याकरण आठवतं आणि ‘हॅज’ येतं. या दोन सवयींच्या संगमातून ‘द मॅनेजमेंट हॅज चेंज्ड देअर पॉलिसी’ हे आपल्या कचेऱ्यांतलं नेहमीचं वाक्य जन्माला येतं.

हे चूक आहे का? उत्तर कुणाला विचारता त्यावर आहे. अमेरिकेत वृत्तपत्रं ज्या ‘एपी स्टाइलबुक’वर चालतात, त्यात टीम, कमिटी, ज्युरी यांसारखे शब्द एक घटक म्हणून आले की क्रियापद आणि सर्वनाम दोन्ही एकवचनी असावीत असा नियम आहे. ब्रिटनमध्ये दोन्ही चालतं. समूह डोळ्यांपुढे असेल तर एकवचन, माणसं असतील तर अनेकवचन. क्रिकेटच्या समालोचनात ‘इंडिया आर टू हंड्रेड फॉर फोर’ ऐकून आपल्याला काही खटकत नाही, ते याचमुळे. लंडनच्या ‘गार्डियन’ दैनिकाची लेखनपद्धती तर आणखी मजेशीर आहे. फुटबॉल क्लब मैदानावर असेल तर त्याला अनेकवचनी क्रियापद, पण तोच क्लब ताळेबंदाच्या बातमीत आला की एकवचनी.

ब्रिटिश सवलतीलाही मर्यादा आहे. टीम कितीही माणसांची असली तरी तिच्यामागे ‘धिस’च लागतं, ‘दीज टीम’ लंडनमध्येही चालत नाही. शिवाय एकदा घेतलेली बाजू सोडायची नाही, असं फाउलर यांनी 1926 च्या आपल्या प्रसिद्ध कोशातच बजावलं होतं. अर्थात अमेरिकन माणूसही बोलताना सुरुवात ‘द टीम इज’ने करतो आणि दोन वाक्यांनी ‘दे’वर घसरतो. सर्वनाम नामापासून जितकं लांब, तितकी घसरण सोपी. बोलण्यात ती कुणाच्या लक्षात येत नाही. लेखी मेलमध्ये, विशेषतः एकाच वाक्यात ‘हॅज’ आणि ‘देअर’ शेजारी बसले की, बारकाईने वाचणाऱ्याला दिसते.

मग निवड करायची कशी? इथे मराठीच उपयोगी पडते, कारण तिच्याकडे इंग्रजीत नसलेला एक शब्द आहे: आपापला. टीमने आपला अहवाल दिला, म्हणजे सगळ्यांचा मिळून एक. स्टाफने आपापले पासवर्ड बदलावेत, म्हणजे ज्याचा त्याचा वेगळा. मेल लिहिताना वाक्य मनात मराठीत म्हणून पाहावं. ‘आपापला’ बसत असेल तर तिथे इट्स चालणारच नाही. ‘द स्टाफ मस्ट चेंज इट्स पासवर्ड्स’ वाचून असं वाटतं, की स्टाफ नावाच्या कुणा एका प्राण्याचे बरेच पासवर्ड आहेत. हीच गत टीमच्या डब्यांची, लॅपटॉपची आणि रजेच्या अर्जांची. नुसतं ‘आपला’ पुरत असेल तर अमेरिकन वाचकासाठी इट्स लिहावं. ब्रिटिश वाचकाला तिथेही देअर चालेल, फक्त मग क्रियापद ‘हॅव’ हवं. ‘एकमेकांना’ आलं, तरी माणसं सुटी झाली असं समजावं.

एक सापळा मात्र ध्यानात ठेवायला हवा. ‘मस्ट’, ‘विल’ किंवा साधा भूतकाळ असेल तर इंग्रजी क्रियापदावरून वचन कळत नाही. ‘द टीम सबमिटेड’मध्ये टीम एक की अनेक हे झाकलेलंच राहतं आणि सगळा भार एकट्या सर्वनामावर येतो. मेल परत वाचताना म्हणून नुसते ‘इज’ आणि ‘हॅज’ तपासून भागत नाही. (आणि हे मालकीचं ‘इट्स’ लिहिताना त्यात वरचं चिन्ह नको, ते पडलं की शब्दाचा अर्थ ‘इट इज’ होतो.)

हा नुसता टापटिपीचा मामला नाही. समजा, मेलमध्ये असं वाक्य आहे: ‘द मॅनेजमेंट हॅज टोल्ड द स्टाफ दॅट देअर प्रपोजल विल बी रिव्ह्यूड इन मार्च.’ मार्चमध्ये कुणाचा प्रस्ताव तपासला जाणार? स्टाफने पगारवाढीचा दिला होता तो, की मॅनेजमेंटने कामाच्या वेळा बदलण्याचा मांडला होता तो? लिहिणाऱ्याने दोघांनाही देअर लावायची सवय ठेवली असेल, तर वाचणारा आपल्या सोयीचा अर्थ घेतो. याउलट पूर्ण मेलभर मॅनेजमेंटला इट आणि स्टाफला दे असं धरून ठेवलं, तर ‘इट्स प्रपोजल’ म्हणजे मॅनेजमेंटचा आणि ‘देअर प्रपोजल’ म्हणजे स्टाफचा, हे दोन अक्षरांत उलगडतं. ही वाटणी कानालाही पटते: मॅनेजमेंट निर्णय घेते तेव्हा ती एक संस्था असते, स्टाफ म्हटलं की माणसं आठवतात. पण वाचक पहिल्यांदाच वाचतोय आणि वादाचा विषय आहे, तर सर्वनामावर भिस्त न ठेवता ‘द स्टाफ प्रपोजल’ असं सरळ नाव घेतलेलं बरं.

स्टाफ या शब्दाची आपल्याकडे आणखी एक तऱ्हा आहे. ‘एक स्टाफ रजेवर आहे’, ‘पाच स्टाफ्स आले’ हे आपण मराठीत बिनदिक्कत बोलतो, आणि तेच इंग्रजी मेलमध्ये उतरतं. इंग्रजीत स्टाफ म्हणजे सगळ्या कर्मचाऱ्यांचा मिळून समूह. ‘स्टाफ्स’ हे रूप आहे, पण ते दोन वेगवेगळ्या संस्थांच्या कर्मचारीवर्गांसाठी. रजेवर गेलेला एकटा माणूस ‘अ स्टाफ मेंबर’ असतो.

याच ‘मेंबर’मध्ये एक पळवाटही आहे. ‘टीम मेंबर्स हॅव अपडेटेड देअर पासवर्ड्स’ लिहिलं की न्यूयॉर्क आणि लंडन दोन्हीकडे तक्रारीला जागा राहत नाही. ‘स्टाफ मेंबर्स’चंही तेच. आपण स्वतः टीममध्ये असू तर ‘वी’ आणि ‘अवर’ त्याहून सोपं. मॅनेजमेंटला मात्र हे ठिगळ शोभत नाही. ‘मॅनेजमेंट मेंबर्स’ वाचलं की क्लबचे सभासद डोळ्यांपुढे येतात. तिथे माणसंच म्हणायची असतील तर सरळ ‘द मॅनेजर्स’ लिहावं लागतं.