सेहेचाळीस मोजून थांबू नका

सकाळी ८.३०. लॅब उघडताच रक्ताच्या तीन नळ्या आल्या. त्यातली एका बाळाची नळी जांभळ्या टोपीची, म्हणजे ईडीटीएची. ती परत पाठवली. कॅरिओटाइपला जिवंत, विभागणाऱ्या पेशी लागतात आणि ईडीटीएमध्ये त्या नीट वाढत नाहीत. हेपरिनची, हिरव्या टोपीची नळीच हवी. बाळाला दुसऱ्यांदा टोचावं लागणार, याचं फार वाईट वाटतं.

९.१५. शनिवारी लावलेली कल्चर्स बाहेर काढली. ३७ अंशांवर ७२ तास झाले. लिम्फोसाइट आपणहून विभागत नाहीत, त्यांना फायटोहीमॅग्लुटिनिनने जागं करावं लागतं. आता कोल्सेमिड घालून त्यांना मेटाफेजमध्ये अडवायचं, कारण गुणसूत्रं सुटीसुटी दिसतात ती त्याच टप्प्यावर. मग पातळ पोटॅशियम क्लोराइड. पेशी पाणी पिऊन फुगतात. इथे घाई केली तर गुणसूत्रं एकमेकांवर चढलेली राहतात, उशीर केला तर पेशी फुटतात आणि काही गुणसूत्रं हरवतात. एखाद्याच पेशीत ४५ दिसली, तर आधी स्लाइडवर शंका घ्यायची, रुग्णावर नाही.

११.००. आजचं महत्त्वाचं काम. गेल्या आठवड्यात चार महिन्यांच्या मुलीचं रक्त आलं होतं. अंग सैल, डोळे तिरपे, हृदयात छिद्र. आईचं वय २४. रेसिडेंटने वीस पेशी मोजल्या आणि म्हणाला, "मॅडम, सगळ्यांत ४६ आहेत. डाऊन नाही."

मी म्हटलं, "मोजलंस, आता वाच." जी-बँडिंगच्या पट्ट्या जुळवताना २१ ची जोडी पूर्ण होती. १४ मधलं एक मात्र वेगळं: सेंट्रोमिअरच्या एका बाजूला १४ ची लांब भुजा, दुसऱ्या बाजूला २१ ची. हे रॉबर्टसोनियन ट्रान्सलोकेशन. २१ च्या लांब भुजा मोजल्या तर तीन. रिपोर्ट असा:

46,XX,rob(14;21)(q10;q10),+21

एकूण ४६, तरी +21 का, असं विद्यार्थी दरवर्षी विचारतात. `rob` लिहिलं की एक १४ आणि एक २१ जोडून एकच गुणसूत्र झालं, म्हणजे एकूण ४५ उरली. ४६ वं आहे ते जादा २१.

आज आईवडिलांच्या स्लाइड्स. कालच्या स्लाइड्स रात्रभर ओव्हनमध्ये वाळवल्या होत्या, सकाळी ट्रिप्सिन आणि जिम्सा दिला. वडील 46,XY. आईच्या पेशी मोजल्या: ४५, पुन्हा ४५, विसाच्या वीस पेशींत ४५.

45,XX,rob(14;21)(q10;q10)

आई ठणठणीत आहे. एक गुणसूत्र कमी असून कसं? जोडताना गेल्या त्या १४ आणि २१ च्या आखूड भुजा. त्यांवरची रायबोसोमल आरएनएची जनुकं १३, १५, २२ वर आणि उरलेल्या १४, २१ वरही आहेत. दोन्ही लांब भुजांची माहिती शाबूत आहे. टर्नरच्या 45,X मध्येही ४५ च असतात, पण तिथे एक अख्खं लिंगगुणसूत्र गेलेलं असतं.

२.३०. एमडीच्या विद्यार्थ्यांचा वर्ग. पॅथॉलॉजी आणि पीडियाट्रिक्स दोन्हींत हा प्रश्न येतो: "पुढच्या बाळाला धोका किती?" कागदावर मांडलं तर जगू शकणारे गर्भ तीन प्रकारचे: सामान्य, आईसारखा वाहक आणि डाऊन. म्हणून मुलं एक-तृतीयांश लिहितात. प्रत्यक्षात आई वाहक असेल तर १० ते १५ टक्के, वडील वाहक असतील तर १ टक्क्याच्या आसपास किंवा त्याहून कमी. पण पालकाची दोन्ही २१ एकमेकांना जोडलेली असतील, तर जन्मणारं प्रत्येक मूल डाऊनचं. म्हणून "ट्रान्सलोकेशन" एवढंच लिहून भागत नाही. कोणाचं कोणाशी आणि कोणाकडून आलं, हे लिहावं लागतं. पुष्कळदा दोन्ही पालक सामान्य निघतात, दोष बाळातच नव्याने झालेला असतो. आईवडिलांची तपासणी झाल्याखेरीज धोक्याचा आकडा सांगू नका.

४.३०. आईवडील आले. आईने पहिलं विचारलं, "मॅडम, माझ्यामुळे झालं का?" मी सांगितलं, "ताई, ही जोडणी तुम्ही जन्मलात तेव्हापासून तुमच्यात आहे. गरोदरपणात काही खाल्ल्याने वा केल्याने ती झाली नाही." पुढच्या वेळी अकराव्या आठवड्यानंतर वारेचा तुकडा किंवा सोळाव्याच्या सुमारास गर्भजल तपासता येतं, हेही समजावलं. मग तिच्या माहेरचं विचारलं. धाकटी बहीण दोन महिन्यांची गरोदर आहे.

५.४५. रिपोर्टवर सही केली. खाली एक ओळ हाताने लिहिली: आईची भावंडं आणि आईकडचे आजी-आजोबा यांचं कॅरिओटाइप करावं. मावशीला उद्या साडेनऊला बोलावलं आहे.