‘अकाउंटंट पाहिजे’ लिहिण्याआधी

कोल्हापूरजवळच्या शिरोली औद्योगिक वसाहतीत फाउंड्रीतून आलेल्या कास्टिंगचं मशिनिंग करून देणारी लहान युनिटं बरीच आहेत. पंचवीस-तीस कामगार, मालक स्वतः शॉपवर आणि केबिनबाहेरच्या एका टेबलावर हिशेबाचं सगळं. त्या टेबलावरचा माणूस नोकरी सोडून गेला की जाहिरात निघते, ती साधारण अशी:

‘अकाउंट्स असिस्टंट पाहिजे. बी.कॉम./एम.कॉम., टॅली, जीएसटी, टीडीएस, अ‍ॅडव्हान्स एक्सेल, इंग्रजीवर प्रभुत्व, ३ ते ५ वर्षे अनुभव, स्वतःची दुचाकी, पुरुष उमेदवारास प्राधान्य. अकाउंट्सची सर्व कामे करावी लागतील.’

एवढ्या मजकुरात कामाबद्दल एकच वाक्य आहे, तेही शेवटचं, आणि त्यातून काही कळत नाही. बाकी सगळं स्थळाच्या जाहिरातीसारखं माणसाचं वर्णन आहे. कौशल्यांची यादी आधी करायची आणि कामाचा विचार माणूस रुजू झाल्यावर करायचा, ही उलटी रीत मोठमोठ्या कंपन्यांच्या जेडीतही दिसते. तिथे फक्त इंग्रजी गुळगुळीत असतं. यादी कामाशी बांधलेली नसली की ती लांबतच जाते, कारण अमुक एक गोष्ट नको असं म्हणायला कुणापाशी कारण नसतं.

म्हणून सुरुवात कामापासून करायची. त्यासाठी सर्वांत उपयोगी कागद म्हणजे गेल्या महिन्याचं कॅलेंडर. या टेबलावर कुठल्या तारखेला काय पूर्ण व्हावं लागतं, ते मांडायचं. दर महिन्याला रिटर्न भरणाऱ्या युनिटला ७ तारखेपर्यंत टीडीएस भरावा लागतो, ११ पर्यंत जीएसटीआर-१, १५ पर्यंत पीएफ आणि ईएसआय, २० पर्यंत जीएसटीआर-३बी. मधे १४ तारखेला जीएसटीआर-२बी पोर्टलवर तयार होतं. आपल्या पुरवठादारांनी आपल्या नावावर कोणती बिलं दाखवली आहेत ते त्यात दिसतं. जे बिल तिथे नाही, त्यावरच्या कराची वजावट त्या महिन्यात मिळत नाही.

आता प्रत्येक तारखेपुढे विचारायचं: हे नेमकं कोण करतं? इथे पहिली गंमत कळते. अशा बहुतेक युनिटांत रिटर्न बाहेरच्या सीएच्या ऑफिसातून भरली जातात. टेबलावरच्या माणसाचं काम म्हणजे विक्रीची बिलं तपासून आकडे वेळेत सीएकडे पोहोचवणं आणि २बीमध्ये न दिसलेल्या बिलांसाठी पुरवठादारांना फोन करून करून ती चढवून घेणं. ‘जीएसटी येणं’ आणि ‘पुरवठादाराच्या मागे लागणं’ ही दोन वेगळी माणसं आहेत. पहिल्याला शोधत बसलो तर दुसरा कदाचित समोरून निघून जाईल.

दुसरी गोष्ट जाहिरातीत मुळात आलेलीच नसते. मशिनिंगच्या युनिटमध्ये कास्टिंग ग्राहकाचं असतं. ते चलनावर येतं, मशिनिंग होऊन चलनावर परत जातं, काही नग रिजेक्ट होतात, त्यांची डेबिट नोट येते. कुणाचे किती नग आपल्याकडे पडून आहेत, हा हिशेब ठेवावाच लागतो. जॉबवर्कला पाठवलेला कच्चा माल वर्षभरात परत गेला नाही, तर जीएसटी कायदा तो पाठवणाऱ्यानं विकलाच असं धरतो. त्यामुळे ग्राहकाकडून विचारणा होतेच. शिवाय आपण पाठवलेले नग आणि ग्राहकानं स्वीकारलेले नग यांचा मेळ बसला नाही, तर बिलाचे पैसे अडकतात. या टेबलाचा दिवस बघितला तर सर्वाधिक वेळ या चलनांत जातो. मालक मात्र त्याला ‘अकाउंट्स’ म्हणत नाही, म्हणून ते कागदावर येत नाही. मग नवा माणूस पहिल्याच आठवड्यात म्हणतो, ‘मी अकाउंट्ससाठी आलोय, हे स्टोअरचं काम आहे.’ त्याचंही चूक नसतं.

जबाबदारी लिहिताना एक पथ्य पाळलं की अर्धं काम होतं. वाक्य वाचून ‘हे झालं की नाही’ असं महिनाअखेरीस सांगता आलं पाहिजे. ‘जीएसटीच्या कामात मदत करणे’ किंवा ‘ग्राहकांशी समन्वय साधणे’ यातून ते सांगता येत नाही. ‘विक्रीची यादी तपासून ८ तारखेपर्यंत सीएकडे देणे’ यातून येतं. अशी पाच-सहा वाक्यं पुरतात, आणि प्रत्येकापुढे साधारण किती वेळ जातो ते लिहिलं की उमेदवारालाही खरं चित्र दिसतं. वर्षातून एकदाच येणारं पण जड काम, म्हणजे मार्चअखेर आणि ऑडिट, वेळेच्या हिशेबात बारीक दिसतं. ते वेगळं नोंदवायचं, नाहीतर यादीतून निसटतं.

जबाबदाऱ्या ठरल्या की मगच कौशल्यांकडे वळायचं. जुन्या जाहिरातीतली प्रत्येक अट घ्यायची आणि तिला तीन प्रश्न विचारायचे. ही कोणत्या जबाबदारीसाठी लागते? पहिल्या दिवशी ती नसेल तर नुकसान होण्याआधी शिकवता येईल का, आणि शिकवणार कोण? आणि आपल्याकडे याच कामात ती नसलेलं कुणी नीट काम करून गेलंय का?

तिसरा प्रश्न साधा वाटतो, पण त्याच्यापाशी अमेरिकेच्या सर्वोच्च न्यायालयातला एक गाजलेला निकाल येऊन थांबतो. नॉर्थ कॅरोलायनात ड्यूक पॉवर या वीज कंपनीच्या प्रकल्पात चांगल्या पगाराच्या विभागांत जायला हायस्कूलचा दाखला किंवा सामान्य क्षमता चाचण्या लागत. कृष्णवर्णीय कामगार त्या अटीत मोठ्या प्रमाणावर अडकत. पण ही अट येण्याआधी लागलेले दाखला नसलेले गोरे कामगार त्याच विभागांत व्यवस्थित काम करत होते. १९७१ मध्ये न्यायालयानं एकमतानं निकाल दिला: अट कामाशी जोडता येत नसेल आणि तिच्यामुळे एखादा समाज बाहेर पडत असेल, तर ती चालणार नाही, मालकाचा हेतू वाईट नसला तरी. तो कायदा तिथला, पण प्रश्न शिरोलीतही लागू पडतो. ‘एम.कॉम.’ लिहिणाऱ्या मालकाच्या टेबलावर आधी बारावी झालेली बाई दहा वर्षं बिनतक्रार काम करत होती, असं अनेकदा निघतं.

आता जाहिरात चाळणीतून काढू. बी.कॉम.: बिल वाचता येणं आणि नावे-जमा समजणं लागतं, ते पदवीशिवायही असू शकतं. पदवी ‘असल्यास उत्तम’मध्ये जाते. अ‍ॅडव्हान्स एक्सेल: प्रत्यक्षात दोन याद्या जुळवायच्या असतात. फिल्टर आणि एखादं सूत्र येणाऱ्याला ते थोड्या दिवसांत जमतं, म्हणून तेही उत्तम, पण अट नाही. इंग्रजीवर प्रभुत्व: ग्राहकाची ईमेल वाचून समजली पाहिजे, दोन ओळींचं उत्तर देता आलं पाहिजे. पुरवठादारांशी बोलणं मराठी-हिंदीतच चालतं. दुचाकी: बँकेत जाणं किती वेळा होतं ते मोजलं तर उरतं क्वचितच काही. पुरुष उमेदवार: हे तर खोडायचंच. भरतीत असा भेद करायला १९७६ च्या समान मोबदला कायद्यानंच मनाई केली, आणि ती पुढे वेतन संहितेतही आली आहे.

अनुभवाची वर्षं जरा थांबून बघण्यासारखी आहेत. तीन वर्षं नुसती व्हाउचर भरणाऱ्यापेक्षा दीड वर्षात एक मार्चअखेर स्वतः पार पाडलेला माणूस इथे जास्त उपयोगी. म्हणून वर्षांऐवजी त्या वर्षांत काय घडलेलं हवं ते लिहावं: ‘किमान एका आर्थिक वर्षाचा शेवट आणि ऑडिटची तयारी केलेली असावी.’

टॅली मात्र ‘हवंच’मध्ये राहतं, आणि त्याचं कारण कौशल्यात नाही, युनिटमध्ये आहे. जुना माणूस गेलेला, मालकाला टॅली येत नाही, सीएकडून कुणी रोज येणार नाही. शिकवणारं कुणीच नाही. हीच जागा पाच जणांच्या अकाउंट्स विभागात असती तर टॅली शिकवून घेता आलं असतं. म्हणजे तीच अट एका ठिकाणी अनिवार्य आणि दुसऱ्या ठिकाणी ऐच्छिक ठरते. दुसऱ्याची जेडी उतरवून घेण्यातला खरा धोका हाच.

सगळं गाळून उरलेला मजकूर असा होतो:

‘काम: कास्टिंगच्या आवक-जावक चलनांचा ग्राहकवार हिशेब रोज ठेवणे (अंदाजे निम्मा वेळ). विक्रीची बिले आणि ई-वे बिल करणे. विक्रीची यादी ८ तारखेपर्यंत सीएकडे देणे. खरेदीची बिले टॅलीत भरणे. १४ तारखेनंतर २बीशी जुळवून राहिलेल्या बिलांचा पाठपुरावा करणे. थकीत येणी फोनवरून वसूल करणे. हजेरीवरून पगारपत्रक बनवणे. मार्चअखेरीस ऑडिटची तयारी.

हवंच: टॅलीत स्वतंत्रपणे नोंदी करता येणे. बिल बघून सीजीएसटी-एसजीएसटी कुठे आणि आयजीएसटी कुठे हे ओळखता येणे. एक मार्चअखेर हाताळलेली असणे. फोनवर मराठी-हिंदीत पाठपुरावा करता येणे.

असल्यास उत्तम: जॉबवर्क युनिटमधला अनुभव, एक्सेल, वाणिज्य पदवी.’

‘हवंच’मध्ये चारच गोष्टी आहेत, आणि प्रत्येकीची परीक्षा मुलाखतीत घेता येते. ग्राहकाची नावं झाकून आठ-दहा जुनी बिलं द्यायची, त्यातल्या दोनांत चूक ठेवायची: राज्याबाहेरच्या ग्राहकाला लावलेला सीजीएसटी, आणि चलनातल्या नगांशी न जुळणारी संख्या. ज्या अटीची परीक्षा कशी घ्यायची हे सुचतच नाही, उदाहरणार्थ ‘दबावाखाली काम करण्याची क्षमता’, ती बहुधा अट नसतेच. ८ तारखेची मुदत कामात लिहिली की दबाव त्यात आलाच.

‘असल्यास उत्तम’ला एकच अधिकार द्यायचा: दोन उमेदवार ‘हवंच’मध्ये बरोबरीचे ठरले तर निवाडा करण्याचा. पहिला अर्ज उघडण्यापूर्वीच हे ठरवून कागदावर ठेवलं नाही, तर गडबड होते. ओळखीतला मुलगा आला की त्याची पदवी एकदम महत्त्वाची होते आणि टॅली न येणं चालून जातं. उलटही होतं. चारही गोष्टी नीट असलेल्या तिघांना जॉबवर्कचा अनुभव नाही म्हणून परत पाठवलं, तर ती अट मनात ‘हवंच’मध्येच होती. मग ती तिथे लिहावी, आणि उमेदवार कमी येतील व पगार वाढवावा लागेल, हेही सोबत मान्य करावं.

माणूस रुजू झाल्यावर हा कागद फाइल करून ठेवू नये. दोन-तीन महिन्यांनी, एखादं ३बी आणि एखादी डेबिट नोट त्याच्या हातून गेल्यावर, त्याच्याबरोबर बसून ओळी पुन्हा वाचाव्यात. चलनांना खरंच निम्मा वेळ लागतो की जास्त? कोणती अट एकदाही कामी आली नाही? कोणतं काम यादीबाहेरून त्याच्या टेबलावर येऊन पडलं? बहुतेक वेळा एखादं पडलेलं असतंच, आणि ते मालकानंच दिलेलं असतं.