पाठांतर की कार्डं? भाषणाविषयीचे तीन गैरसमज

भंडाऱ्यातल्या शाळेत वक्तृत्व स्पर्धा जाहीर झाली की घरी कुणीतरी मोठं माणूस भाषण लिहून देतं आणि मूल ते घोकायला बसतं. पाच मिनिटांचं भाषण म्हणजे साधारण ५०० शब्द.

गैरसमज १ : शब्द न् शब्द पाठ असला की अडखळायची भीती नाही.

वस्तुस्थिती : घोकलेलं प्रत्येक वाक्य आधीच्या वाक्याला धरून आठवतं. एक कडी निसटली की पुढचं सगळं थांबतं. विन्स्टन चर्चिल तरुणपणी भाषणं पाठ करत. २२ एप्रिल १९०४ रोजी ब्रिटिश संसदेत बोलताना त्यांना पुढचे शब्द आठवेनात, शेवटी ते खाली बसले. त्यानंतर ते भाषणाला टिपणं जवळ ठेवू लागले. मुलाचं पाठांतर किती पक्कं, हे घरीच तपासता येतं. त्याला तिसऱ्या परिच्छेदापासून बोलायला सांगा. त्यासाठी ते मनात पहिल्या ओळीपासून सुरुवात करत असेल, तर शब्द पाठ आहेत, विषय नाही.

गैरसमज २ : मुद्द्यांची कार्डं हातात घेणं म्हणजे कमी तयारी.

वस्तुस्थिती : कार्डावर अख्खी वाक्यं लिहिली, तर नजर कार्डातच अडकते आणि भाषणाचं वाचन होतं. म्हणून कार्डावर फक्त मुद्दा लिहायचा. विषय ‘वैनगंगा’ आहे असं समजू. चार कार्डं पुरतात : ‘उगम – सिवनी’, ‘धानाची शेती’, ‘पवनी – बौद्ध स्तूप’, ‘गोसेखुर्द – १९८८ – विस्थापित’. एका कार्डावर एकच मुद्दा, अक्षर ठळक, कोपऱ्यात क्रमांक. प्रत्येक कार्डावर मिनिटभर, दर वेळी वेगळ्या शब्दांत, चार-पाचदा मोठ्याने बोलायचं. कार्डावरच्या शब्दाने मुद्दा आठवतो, वाक्य मात्र तिथेच जुळवावं लागतं. म्हणून हा सराव टाळला की ‘म्हणजे… म्हणजे…’ सुरू होतं.

गैरसमज ३ : चांगल्या वक्त्याची रीत एकच.

वस्तुस्थिती : रीत बोलणाऱ्यावर आणि प्रसंगावर ठरते. पहिल्यांदाच उभं राहणारं लहान मूल, दोन मिनिटांचं भाषण, ठरलेल्या शब्दांची शपथ किंवा कविता असेल, तर पाठांतरच बरं. ग्रामसभेत बोलणाऱ्या सरपंचांना लोक मध्येच प्रश्न विचारतात. उत्तर देऊन पुन्हा मूळ मुद्द्यावर यायला कार्ड सोपं पडतं. खर्चाचे आकडे मात्र कार्डावर जसेच्या तसे लिहावेत. विषय ठाऊक असूनही भरकटणाऱ्या शिक्षकालाही कार्डांचा क्रम सांभाळून घेतो.

विषय समजलेला, पण उभं राहिलं की घाबरणारा विद्यार्थी असेल, तर दोन्हींचा मेळ घालावा. पहिली दोन आणि शेवटची दोन वाक्यं पाठ, मधला भाग कार्डांवर. भीती सुरुवातीलाच जास्त असते, तिथे पाठ शब्द तोंडाशी हवेत. शेवट पाठ असला की भाषण लांबत नाही. स्पर्धेत कार्ड चालतं का, हे आधी विचारावं. चालत नसेल, तर कार्डांवरचे तेच चार मुद्दे क्रमाने पाठ करावेत. ५०० शब्दांपेक्षा चार मुद्दे लक्षात ठेवणं केव्हाही हलकं.